अनुभव धागा: स्वतःच्या कॉमर्सच्या वहीतून डीआयचे सराव संच

कोरी_वही
माळा आवरताना बीकॉमच्या वह्या सापडल्या. व्यापार खाती, तेरजा, खाली समायोजना, सगळं जागच्या जागी. बँकेच्या परीक्षांना जे तक्ते नि आलेख येतात त्यांचा कच्चा माल हाच तर आहे. ज्यांनी स्वतःच्या किंवा घरातल्या मुलांच्या नोट्समधून असे संच बनवलेत त्यांनी कसे बनवले, कुठे गाडी अडते, ते लिहा. सुरुवात मी करते.

शाखांचा संच सगळ्यात छान जमतो. कापडाचं दुकान, चार शाखा, आकडे हजार रुपयांत:

| शाखा | निव्वळ विक्री | विकलेल्या मालाची किंमत |
|---|---|---|
| सातारा | 400 | 320 |
| कराड | 240 | 200 |
| सांगली | 1,200 | 900 |
| मिरज | 160 | 140 |

आकडे उलटे बांधायचे. आधी नफ्याचा अपूर्णांक ठरवायचा: साताऱ्याला विक्रीचा 1/5, कराडला 1/6, सांगलीला 1/4, मिरजेला 1/8. मग त्या छेदाने भाग जाईल अशी विक्री घ्यायची आणि नफा वजा करून किंमत काढायची. विक्रीची बेरीज 2,000 ठेवली की सांगली 60 टक्के, सातारा 20, कराड 12, मिरज 8, म्हणजे पायचार्टही सुटसुटीत.

आता प्रश्न: चारही शाखा मिळून ढोबळ नफा विक्रीच्या किती टक्के? नफा 80 + 40 + 300 + 20 = 440, म्हणून 22 टक्के. पण चार शाखांच्या टक्केवारीची सरळ सरासरी काढली तर साडेअठराच्या आसपास येते, आणि निम्मी मुलं तेच करतात. म्हणून तो आकडा पर्यायात हवाच. एक शाखा मुद्दाम फुगवलेली आहे ती यासाठीच. चारही शाखांची विक्री सारखी ठेवली तर दोन्ही रीतींनी एकच उत्तर येतं आणि प्रश्न काहीच तपासत नाही.

नीलिमा_डोंबिवली
वा! वाचनखूण साठवली. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यावर नीट वाचते.

तेरीज
कोरी_वही, संच उत्तम आहे. एक गोष्ट मात्र तक्त्याच्या डोक्यावर लिहिल्याशिवाय हा कुणाला देऊ नका: टक्केवारी कशावर धरायची.

आपल्या वहीत ढोबळ नफ्याचं प्रमाण निव्वळ विक्रीवर काढतात. स्पर्धा परीक्षेच्या अंकगणितात नुसतं 'नफा 25 टक्के' म्हटलं की तो खरेदी किमतीवर. कॉमर्सची मुलं इथेच ठेचकाळतात, आणि गणित कच्चं म्हणून नाही, वहीची सवय म्हणून. साताऱ्याचाच नफा बघा, विक्रीवर 20 टक्के आणि किमतीवर 25. सांगलीचा विक्रीवर 25 आणि किमतीवर सव्वातेहतीसच्या थोडा वर. म्हणजे 'कोणत्या शाखेचा नफा 25 टक्के?' असा प्रश्न या तक्त्यावर टाकला तर सातारा आणि सांगली दोन्ही बरोबर ठरतात. असा प्रश्न रद्दच करावा लागतो.

अदलाबदल तोंडी करता येते. विक्रीवर 1/5 असेल तर किमतीवर 1/4. विक्रीवर 1/8 तर किमतीवर 1/7. छेदातून अंश वजा करायचा, एवढंच. 2/5 चे 2/3 होतात.

गणोबा
एवढा घोळ कशाला? अंकगणितात नफा नेहमी खरेदीवरच. सगळीकडे किमतीने भागा, विषय संपला. एकूण 440 भागिले 1,560, म्हणजे 28.2 टक्के.

तेरीज
गणोबा, आधार दिलेला नसेल तिथे तुमचं बरोबर. पण डीआयच्या संचात तक्त्याच्या किंवा आलेखाच्या वर, नाहीतर खाली तळटीपेत आधार दिलेला असतो, कधी 'विक्रीच्या टक्क्यांत', कधी 'उत्पन्नाच्या टक्क्यांत'. तिथे 28.2 लिहिलं की चूक. उलट तुमचा 28.2 हाच 22 च्या शेजारी ठेवायला उत्तम पर्याय आहे.

गणोबा
हे पटलं. पण तळटीप न वाचताही सुटेल असे संच आधी द्यावेत असं माझं मत कायम आहे. पहिल्याच दिवशी मुलं घाबरतात.

सायली_ताई
बारावी कॉमर्सच्या नोट्स कुठे मिळतील? मराठी माध्यमाच्या पीडीएफ असतील तर कृपया द्या.

कोरी_वही
सायलीताई, इथे नोट्स वाटत नाही आहोत, जिची तिची वही वापरून प्रश्न कसे बनवायचे ते चाललंय. तुमच्याकडे आहे ती वही पुरेल. अंतिम लेख्यांचं एखादं सोडवलेलं उदाहरण उघडा आणि तिथून सुरू करा.

पेठेतला_मास्तर
त्या सोडवलेल्या उदाहरणातून तक्ता काढताना काय होतं ते सांगतो. तेरजेत 'विकलेल्या मालाची किंमत' अशी ओळ नसते. ती जोडून काढावी लागते, आणि चांगला प्रश्न तिथेच लपलेला असतो.

वर साताऱ्याची किंमत 320 आहे. ती अशी फोडा: सुरुवातीचा साठा 45, खरेदी 310, खरेदी परत 10, आवक गाडीभाडे 8, मजुरी 22, अखेरचा साठा 55. विक्री 412, विक्री परत 12. तक्त्यात हे तुकडे द्या, उत्तर देऊ नका. 45 + 310 − 10 + 8 + 22 = 375, त्यातून 55 गेले, उरले 320. निव्वळ विक्री 400, नफा 80.

आता पर्याय. मनाला येतील ते आकडे लिहू नका, प्रत्येक चुकीचा पर्याय एकेका खऱ्या चुकीतून यावा. विक्री परत विसरला तर 92 येतात. खरेदी परत विसरला तर 70. अखेरचा साठा विसरला तर 25, आणि हा सगळ्यात जास्त जण विसरतात, कारण तो तेरजेत नसून खाली समायोजनेत असतो. पर्याय झाले 80, 92, 70, 25. मुलाने कोणता निवडला यावरून त्याची वही कुठून उघडायची ते लगेच कळतं. उत्तर तपासताना नुसती फुली मारू नका, पर्याय टिपून ठेवा.

दुकानभाडं, जाहिरात, पगार हे इथे आणू नका. ते नफा-तोटा खात्यातले. निव्वळ नफ्याचा वेगळा संच करा.

मी_मिरजकर
मिरज एवढी बारीक का हो! 😀 8 टक्के म्हणजे 28.8 अंश, कोनमापकाने कसे काढायचे? माझा भाचा कागदावरच काढतो.

कोरी_वही
कागदावर काढायचं असेल तर वाटे 5 टक्क्यांच्या पटीत घ्या, प्रत्येक 5 टक्क्यांना 18 अंश येतात. मिरज 10 आणि कराड 10 करा, दोघांना 36-36. तेव्हा विक्री 200-200 होईल. मिरजेचा 1/8 जमतो, 25 येतात. कराडचा 1/6 मात्र अडतो, तिथे 1/5 घ्यावा लागेल. आणि हो, मग एकूण नफा नि टक्केवारीही नव्याने काढा.

मी_मिरजकर
मिरजेला बढती दिल्याबद्दल आभार 🙏

रेवा_के
शीटवर करणाऱ्यांसाठी. आकडे बदलते ठेवायला मी `RANDBETWEEN` लावते:

```
B2: =RANDBETWEEN(4,24)*40
C2: =B2*4/5
D2: =B2-C2
E2: =ROUND(B2/SUM(B$2:B$5)*360,1)
```

40 ने गुणल्यामुळे 5 आणि 8 दोन्ही छेद जातात. कराडच्या 1/6 साठी मात्र 120 ने गुणा, नाहीतर किंमत अपूर्णांकात येते. चौथ्या रकान्यात नफा, पाचव्यात पायचार्टचे अंश.

यातली अडचण अशी की शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की सगळे आकडे पुन्हा बदलतात. प्रश्नपत्रिका छापली एका आकड्यांनी, उत्तरं काढली दुसऱ्या, असं होतं. म्हणून संच पसंत पडला की तो भाग कॉपी करून त्याच जागी Ctrl+Shift+V ने सूत्रांऐवजी नुसते आकडे चिकटवायचे, आणि मगच प्रश्न लिहायला घ्यायचे.

शुभांगी_ठाणे
आलेखाची झेरॉक्स काढताना रंगांवर विसंबू नका. निळा आणि लाल दोन्ही सारखेच करडे दिसतात आणि पोरगं सांगलीऐवजी सातारा वाचतं. एका स्तंभात तिरप्या रेषा, एकात ठिपके, एक कोरा, एक पूर्ण काळा. किंवा नावं थेट स्तंभाखाली लिहा, सूची नकोच.

नीलिमा_डोंबिवली
आता नीट वाचलं. एक शंका. आमच्या उदाहरणात एका शाखेला तोटा आहे. शीटने पायचार्ट काढून दिला पण काहीतरी चुकतंय.

पेठेतला_मास्तर
तोटा पायमध्ये बसत नाही. वर्तुळाचा उणे वाटा काढताच येत नाही. तोट्याला शून्याच्या रेषेखाली उतरणारा स्तंभालेख घ्या. आणि 'एकूण नफ्यात अमुक शाखेचा वाटा किती' हा प्रश्न त्या संचावर विचारू नका. समजा तीन शाखांचा नफा 60, 50, 30 आणि चौथीचा तोटा 40, तर एकूण 100 आणि पहिल्या तिघींचे वाटे मिळून 140 टक्के होतात. मुलं गोंधळतात ते रास्तच. फरक विचारा, गुणोत्तर विचारा.

रेवा_के
आणि स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू होतोय ना तेही बघा. 380 ते 400 एवढाच अक्ष राहिला तर 390 आणि 400 मधला अडीच टक्क्यांचा फरक दुपटीसारखा दिसतो.

गणोबा
पण परीक्षेत तसे आलेख येतात. सवय व्हायला नको का? मी तर मुद्दाम तसे देईन.

शुभांगी_ठाणे
द्या, पण स्तंभांवर आकडे छापून. नुसता डोळ्यांनी अंदाज घ्यायला लावलात तर तो वाचनाचा सराव नाही, दृष्टीची परीक्षा झाली. आमच्याकडे यावर घरात दोन मतं आहेत, अजून मिटलेलं नाही.

सायली_ताई
वही उघडली, पण मुलीचा घसाऱ्याचा धडा चालू आहे. त्यातून काही होईल का?

तेरीज
होईल की, रेषालेखासाठी त्याहून चांगलं काही नाही. यंत्र 1,00,000 चं, 1 एप्रिलला घेतलेलं, 10 टक्के. सरळ रेषा पद्धतीने वर्षाअखेर 90,000, 80,000, 70,000, 60,000. घटत्या शिल्लक पद्धतीने 90,000, 81,000, 72,900, 65,610. पहिल्या वर्षी दोन्ही रेषा एकाच बिंदूवर असतात, तिथे 'फरक किती' विचारा, उत्तर शून्य. शून्य उत्तर लिहायला मुलं कचरतात म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसतात.

मग हा विचारा: सरळ रेषेच्या यंत्राची किंमत तिसऱ्या वर्षात आदल्या वर्षाअखेरच्या तुलनेत किती टक्क्यांनी घटली? 80,000 ची 70,000 झाली, म्हणजे 12.5. दर 10 लिहिलाय म्हणून 10 वर खूण करणारी मुलं इथे सापडतात. खरेदी 1 ऑक्टोबरची असेल आणि वर्ष 31 मार्चला संपत असेल तर पहिल्या वर्षी फक्त 6 महिन्यांचा घसारा, 5,000. मग पहिल्या वर्षाअखेर दोन्ही रेषा 95,000 वर. ही तारीख तक्त्याखाली बारीक अक्षरात द्या.

सायली_ताई
मुलगी विचारतेय, 65,610 आलेखावर वाचायचे कसे? रेघोट्या तर 10,000 च्याच आहेत.

तेरीज
वाचायचे नाहीतच. बिंदूवर आकडा छापा, नाहीतर प्रश्नात 'सुमारे' लिहून पर्यायांत निदान 3,000 चं अंतर ठेवा.