मदत हवी आहे : रात्री येणारा अधिकृत इशारा झोपेतून जागे करील, अशी व्यवस्था कशी करावी?

नमस्कार. आमच्या चार जणांच्या घरात आपत्तीच्या इशाऱ्याचा चाचणी संदेश फक्त माझ्याच फोनवर वाजला. शोध घेतल्यावर कारणे कळली: आईचा फोन विमान मोडमध्ये होता, त्यामुळे वायफाय चालू असूनही संदेश आला नाही, कारण हा इशारा इंटरनेटवरून नव्हे, तर मोबाइल टॉवरवरून त्या परिसरातील सर्व फोनांना एकाच वेळी जातो; आणि भावाच्या अँड्रॉइड फोनमध्ये Wireless emergency alerts खाली चाचणी संदेशांचा पर्याय बंद होता. ही दोन्ही कारणे आता दूर केली आहेत.

वडिलांचा प्रश्न मात्र उरतो. त्यांचा साधा जुना फोन असे इशारे दाखवत नाही, आणि भोंगा मुख्यतः घराबाहेरच्या लोकांसाठी असल्याने बंद खिडक्यांआड त्यांना ऐकू येत नाही. बॅटरीवरचा रेडिओ घेतला आहे; टॉवर बंद पडल्यास तो उपयोगी पडेल, पण तो आपणहून सुरू होत नाही.

त्यांच्या उशाशी इशाऱ्यापुरता वेगळा स्मार्टफोन, सिमसह आणि चार्जरला जोडून, ठेवणे पुरेसे होईल का? ऐकू कमी येणाऱ्यांसाठी उशीखाली ठेवायचे कंपन-यंत्र अशा इशाऱ्याशी कोणी प्रत्यक्ष जोडले आहे का? कृपया अनुभव सांगावा.