मदत हवी आहे: सिम बदललं, कॉल चालू पण नेट बंद

आईचा नंबर गेल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, नवीन सिम टाकल्यापासून कॉल आणि एसएमएस व्यवस्थित आहेत पण मोबाइल डेटा अजिबात चालत नाही. फोन अँड्रॉइड, ड्युअल सिम, गावात वायफाय नाही.

तेच सिम माझ्या फोनमध्ये टाकलं तर नेट लगेच चालतं, म्हणजे सिम आणि पॅक ठीक आहे. डेटासाठी हेच सिम निवडलंय, रिस्टार्ट केला, एअरप्लेन मोड चालू-बंद केला. एपीएनच्या यादीत जुन्या कंपनीचा हाताने टाकलेला एपीएनच दिसत होता, तो काढून नवीन तयार केला पण सेव्ह केला की यादीतून गायबच होतो! नंतर बघितलं तर मी एमसीसी-एमएनसीचे आकडे जुन्याच कंपनीचे टाकले होते, बहुतेक सिमशी जुळत नाहीत म्हणून तो दिसत नसावा. ते बदलल्यावर एपीएन दिसतो, निवडताही येतो, तरी नेट नाही. टाइपच्या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नाही.

नेटवर्क मोड `LTE/3G/2G (auto)` आहे. फक्त ४जी करून बघायची भीती वाटते, कारण या फोनवर व्होल्टीई चालतं की नाही माहीत नाही आणि आईचे कॉल बंद पडून चालणार नाही. ऑपरेटर निवड ऑटोमॅटिकच आहे.

आता टाइपमध्ये `default,supl` टाकायचं का, आणि प्रोटोकॉल `IPv4` ठेवू की `IPv4/IPv6`? की आधी एपीएन रीसेट टू डिफॉल्ट करून बघू?