ड्युओटोन पोर्ट्रेट: ग्रेडियंट मॅप की ब्लेंड मोडचे थर?

मृण्मयी_क
आजीची पंच्याहत्तरी आहे, तिच्या एका फोटोचं पॉप-आर्ट पोस्टर करतेय. सावल्या गडद निळ्या (#1D1A6B) आणि उजेडाचा भाग पिवळा (#FFD400), असे दोनच रंग हवेत. ऑफिसात फोटोशॉप आहे, घरी गिंप 2.10. ग्रेडियंट मॅप लावला की चेहरा शेवाळी दिसतो. मग एक व्हिडिओ बघून काळ्यापांढऱ्या फोटोवर निळा थर Screen मध्ये आणि त्याच्यावर पिवळा Multiply मध्ये टाकला, तर निळा गायबच झाला! नक्की कुठली पद्धत धरू?

रेघोट्या
ग्रेडियंट मॅप. थरांच्या पद्धतीत तुझं काही चुकलेलं नाही, त्या पद्धतीतच खोट आहे.

Screen मुळे फोटोतला काळा रंग तुझा निळा झाला, इथपर्यंत ठीक. पण वर बसलेला Multiply चा पिवळा थर फक्त पांढऱ्यावर काम करून थांबत नाही, तो निळ्यालाही गुणतो. तुझ्या पिवळ्यात लाल 255, हिरवा 212 आणि निळा चक्क 0 आहे. सावलीतला निळा 107, त्याला शून्याने गुणलं की शून्य. उरतं काय, तर #1D1600, म्हणजे जवळजवळ काळाच. आयड्रॉपरने केसांवर क्लिक करून बघ, हाच आकडा मिळेल.

ग्रेडियंट मॅपमध्ये ही भानगडच नाही. जिथे काळं तिथे डावा रंग, जिथे पांढरं तिथे उजवा, दोन्ही टोकं जशीच्या तशी.

पिक्सेल_पाटील
साफ असहमत. थरांवर जेवढा ताबा मिळतो तेवढा ग्रेडियंट मॅपमध्ये नाही मिळत. प्रत्येक थराची ओपॅसिटी वेगळी, मास्क वेगळा. मृण्मयी, फक्त क्रम बदल. पिवळा Multiply खाली घे आणि निळा Screen वर. निळा परत येईल, दोन्ही रंग हवे तसे मिळतील. लोक उगाच गणितं मांडून घाबरवतात.

रेघोट्या
निळा येईल, हे खरं. "दोन्ही रंग हवे तसे" हे खोटं. आता वरचा निळा Screen पिवळ्याला उजळवणार. पिवळ्याच्या शून्य निळ्यात 107 भरले की तो #FFD86B होतो, म्हणजे फिका, दुधाळ. तिने मागितलेला झेंडूसारखा पिवळा तो नव्हे.

एक कबूल करतो. उजेडाचा रंग लाल, हिरवा, निळा या तिन्हींत सावलीच्या रंगापेक्षा जास्त किंवा निदान तेवढाच असेल, तर Multiply-Screen ऐवजी Darken-Lighten ची जोडी लावून दोन्ही टोकं अचूक मिळतात. पण मग मधले करडे भाग करडेच राहतात, त्यांना रंग चढत नाही. तुमचा ताबा तुम्हाला लखलाभ :)

पिक्सेल_पाटील
फिका पिवळा तर फिका पिवळा. पोस्टर डोळ्यांनी बघायचं असतं, आयड्रॉपरने नाही. आणि ग्रेडियंट मॅप एवढा गुणी आहे तर तिच्या आजीचा चेहरा शेवाळी का झाला, ते सांगा की राव.

निवृत्त_मास्तर
बाळ मृण्मयी, हे सगळं द्राविडी प्राणायाम कशाला? फोटोशॉपमध्ये Image > Mode > Duotone असा पर्यायच आहे. आधी Grayscale करायचे, 8 बिट ठेवायचे, मगच तो उघडतो; नाहीतर पुसट दिसतो. आम्ही दिवाळी अंकाची मुखपृष्ठे असेच करत होतो. दोन शाया निवडायच्या, प्रत्येकीचा कर्व्ह ओढायचा, झाले.

रेघोट्या
मास्तर, तो पर्याय दोन शायांच्या छपाईसाठीच आहे आणि त्या कामाला अजूनही उत्तम आहे. पण त्यात दोन्ही शाया एकाच फोटोवरून कागदावर पडतात आणि उजेडाच्या जागी कोरा कागद दिसतो. हिला उजेडाच्या जागी पिवळा हवाय. पिवळीचा कर्व्ह सगळीकडे शंभर टक्क्यांवर नेला तर जमेल, पण मग सावलीत पिवळ्यावर निळी बसणार, म्हणजे परत Multiply. शिवाय गिंपमध्ये हा मोड नाही.

आता पाटलांचा प्रश्न रास्त आहे. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत सरळ रेषेत गेलं की बरोब्बर मध्यावर #8E7736 येतो. तोच तुझा शेवाळी. निळा आणि पिवळा समोरासमोरचे रंग, ते मध्यावर एकमेकांना खातात. आणि आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांची उजळता नेमकी मध्यावरच पडते. गोऱ्या चेहऱ्यांवर शिकवलेल्या व्हिडिओत हा चिखल दिसत नाही, कारण त्यांची त्वचा पिवळ्याच्या टोकाजवळ जाऊन बसते.

दोन उपाय आहेत. एक, ग्रेडियंट मॅपच्या खाली Levels टाकायचा आणि मधला काटा डावीकडे सरकवायचा. चेहरा 170 ते 185 च्या घरात गेला की तो चिखलातून बाहेर पडून पिवळ्यात शिरतो, सावल्या निळ्याच राहतात. दुसरा, ग्रेडियंटच्या मध्यावर तिसरा रंग टोचायचा, उदाहरणार्थ #D6336C. चेहऱ्यावर राणी कलरची झाक येते, पॉप-आर्टला ती शोभते. गिंपमध्ये याहून सोपं म्हणजे फोरग्राउंड निळा आणि बॅकग्राउंड पिवळा ठेवून HSV वाला FG to BG ग्रेडियंट निवडायचा. त्याचे दोन प्रकार आहेत. एक जांभळा-लाल-नारिंगी करत पिवळ्याकडे जातो, दुसरा हिरव्यातून. तुला पहिला लागेल.

एक सांभाळ: 2.10 मधला Colors > Map > Gradient Map थेट त्याच थरावर उमटतो. फोटोशॉपसारखा वेगळा अ‍ॅडजस्टमेंट थर मिळत नाही, त्यामुळे आधी थराची डुप्लिकेट काढायची.

चित्रविचित्र
तिसरा रंग टोचला की ते ड्युओटोन राहिलं का, हा माझा पहिला आक्षेप. आणि दुसरा मोठा: ज्याला तुम्ही पॉप-आर्ट म्हणताय त्यात अशी गुळगुळीत छटा असतेच कुठे?

अँडी वॉरहॉलने 1962 मध्ये मेरिलिन मन्रोची चित्रं केली तेव्हा खाली चेहऱ्याचा, केसांचा, ओठांचा सपाट रंग होता आणि वरून फोटोची काळी छाप सिल्कस्क्रीनने मारलेली होती. मधल्या छटा नाहीत, रंगाच्या कडा छापेशी जुळत नाहीत, आणि मजा त्यातच आहे. हे थरांत करायचं तर खाली हाताने भरलेले सपाट रंग, वर Threshold केलेला फोटो Multiply मध्ये. काळ्याऐवजी निळा हवा असेल तर छापेतला पांढरा भाग काढून टाका, उरलेल्या छापेला निळा रंग द्या आणि तो थर Multiply ऐवजी Normal मध्ये ठेवा. ग्रेडियंट मॅपने होतं ते म्युझिक अ‍ॅपचं बॅनर.

शाईवाला
चित्रविचित्र यांना +1. माझा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा धंदा आहे, गणपतीत मंडळांचे टी-शर्ट करतो. गेल्या सीझनला एका मंडळाने असाच निळा-पिवळा फोटो आणला, ग्रेडियंट मॅप केलेला, एकाच सपाट जेपीजीत. त्यातून मी दोन स्क्रीन कुठून काढू? परत मूळ काळापांढरा फोटो मागवला, पिवळ्याचा पूर्ण ठोकळा एका फिल्मवर घेतला आणि निळ्यासाठी Bitmap मोडमधला Halftone Screen, 45 रेषा.

आणि रेघोट्या, तुम्ही ज्या #1D1600 ला खोट म्हणताय ना, पातळ निळी शाई पिवळ्यावर पडली की कापडावर तसाच काळपट रंग दिसतो. Multiply खोटं बोलत नाही, तुमची स्क्रीन बोलते. निळा निळाच हवा असेल तर झाकणारी शाई घ्या, नाहीतर निळ्याखालचा पिवळा कापून टाका.

रेघोट्या
टी-शर्ट छापायचा असता तर तुमचं शब्दन् शब्द मान्य. पण तिचं पोस्टर डिजिटल प्रिंटवर जाणार असेल. तिथे निळी आणि पिवळी अशा दोन तयार शाया एकावर एक पडायचा प्रश्नच नाही, फाइलमध्ये जो रंग आहे तोच जवळपास उतरतो.

मृण्मयी_क
हो, डिजिटल प्रिंटच आहे, A3. Levels चा उपाय केला, शेवाळी गेला, भारी! पण आता नवीनच झालंय. चेहरा उजळायला Black & White मध्ये Reds बराच वर नेला आणि आजीचं कुंकूच पुसलं गेलं. आई म्हणाली, पंच्याहत्तरीला असलं चित्र लावायचं नाही.

चित्रविचित्र
हे होणारच होतं. कुंकवाचा लाल अंदाजे 190, 20, 30 धरा आणि त्वचा 165, 115, 85. लाल चॅनेलमध्ये 190 आणि 165, म्हणजे कुंकू कपाळापेक्षाही उजळ. हिरव्यात 20 आणि 115, तिथे ठसठशीत. Reds वर नेला की जो भाग जितका लाल तितका तो जास्त उजळतो, कुंकू कपाळाला गाठतं, फरक संपतो आणि मग ग्रेडियंट मॅप दोघांनाही पिवळाच करून टाकतो. ओठांचंही तेच.

हिरव्या चॅनेलवर भार टाकला तर कुंकू परत येईल, पण सुरकुत्या आणि डागही ठळक होतील. म्हणून Reds चेहऱ्यापुरता वर ठेवा आणि त्या थराच्या, तसंच Levels च्याही मास्कवर कुंकवाच्या जागी काळा ब्रश फिरवा. तिथे खालचा मूळ फोटो उघडा पडतो आणि ग्रेडियंट मॅप त्याची उजळता घेतो, ती सत्तरच्या आसपास, म्हणजे निळ्याकडची. गिंपमध्ये Colors > Desaturate > Mono Mixer दोनदा वापरा, एक थर लालवर भर देऊन, एक हिरव्यावर, आणि वरच्याला मास्क.

पिक्सेल_पाटील
म्हणजे शेवटी थर आणि मास्कच कामाला आले ना? ह. घ्या.

मृण्मयी, खरा पॉप-आर्ट लुक हवा तर ग्रेडियंट मॅपच्या खाली Posterize 4 टाक. चारच सपाट रंग उरतात, शेवाळीची कटकटच मिटली.

रेघोट्या
टाक, पण Levels च्या वर. चार पायऱ्यांत एक कड 128 वर पडते. चेहरा 126 च्या आसपास असेल तर गालावर अर्धे पिक्सेल खालच्या पायरीत आणि अर्धे वरच्या, कोड फुटल्यासारखे चट्टे उठतात. चेहरा आधीच 175 ला नेलेला असेल तर तो अख्खा एकाच पायरीत बसतो. त्याआधी फोटोच्या थरावर Median 3-4 पिक्सेलचा फिरवला की कडा कातरकाम केल्यासारख्या येतात.

निवृत्त_मास्तर
कुंकू मास्कने राखले हे उत्तम. पण चार पायऱ्या म्हणजे चार रंग. याला ड्युओटोन म्हणू नये एवढेच म्हणणे.

चित्रविचित्र
मास्तर, तेच तर मी वर म्हणत होते.

शाईवाला
चार रंगांचे चार स्क्रीन होतात बरं का. टी-शर्ट करायचे असतील तर आधी सांगा, रेट वेगळा लागेल.