प्रीमियमच्या पावतीवरची मुदत वेगळी टाकायची की नुसती रक्कम पुरे?

कोरीपाटी: ऑफिसच्या विम्याचे ७३,००० नऊ नोव्हेंबरला भरले, पॉलिसी १६ नोव्हेंबर ते पुढच्या १५ नोव्हेंबरपर्यंत. आमचं वर्ष ३१ मार्चला बंद होतं. सिनियर म्हणतात भरल्याची तारीख आणि रक्कम टाक, बास. मला वाटतं मुदतही टाकायला हवी. तुमचं मत?

जुनावहीवाला: सिनियरचं बरोबर आहे. दरवर्षी तीच पॉलिसी, जवळपास तेवढाच प्रीमियम, मग भरला त्या वर्षी सगळा खर्चात घातला तर बिघडतं काय? मी कित्येक वर्षं हेच करतोय.

ताळमेळ: रक्कम किरकोळ असेल आणि पद्धत दरवर्षी तीच असेल तर मी भांडणार नाही, पण पॉलिसी पहिल्यांदा घेतली किंवा प्रीमियम एकदम वाढला की त्या वर्षीचा नफा चुकतोच. इथे दिवसाला २०० पडतात, मार्चअखेरपर्यंत १३६ दिवस, म्हणजे २७,२०० यंदाचा खर्च आणि ४५,८०० प्रीपेड. कोणी नऊ तारखेपासून दिवस मोजले तर १,४०० खर्च उगाच जास्त पडतो, आणि हे फार होतं, कारण पावतीवर भरल्याची तारीख ठळक असते आणि मुदत बऱ्याचदा आत पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये. दोन्ही कागद एकत्र जोडा.

सावली: माझी घरची आरोग्य पॉलिसी तीन वर्षांची आहे, पैसे एकदम भरलेत. मग मी पण प्रीपेड करू का? मला तर सगळं डिडक्शन यंदाच हवंय.

जुनावहीवाला: डिडक्शन भरलं त्या वर्षीच मिळतं, म्हणून तर म्हणतो मुदतीची भानगड नको.

ताळमेळ: सरसकट तसं नाही. वहीतला प्रीपेड वेगळा आणि करातली वजावट वेगळी. कुठे भरल्याचं वर्ष धरतात, कुठे अनेक वर्षांचा प्रीमियम वर्षांवर वाटायला लावतात. सावली, घरच्या पॉलिसीला प्रीपेडची नोंद नको, पण भरल्याची तारीख, सुरुवात आणि शेवट हे तिन्ही जपून ठेव, तुझ्याकडचा नियम यातलंच काहीतरी विचारणार.

चाकोरी: आमच्याकडे घोळ झाला तो वेगळ्याच पावतीवर. चालू पॉलिसीत मधेच एक गाडी वाढवली, जादा प्रीमियमची पावती आली, आणि टाकणाऱ्याने ती नवी बारा महिन्यांची पॉलिसी समजून वाटली, खरं तर ती जुन्या पॉलिसीबरोबरच पाच महिन्यांत संपत होती. कळलं कधी, तर पॉलिसी संपून गेली तरी प्रीपेडला शिल्लक दिसत होती तेव्हा. तेव्हापासून मी दर महिन्याला शेवटची तारीख उलटलेल्या पॉलिसी काढून बघते, तिथे शिल्लक शून्यच हवी.

जुनावहीवाला: जादा प्रीमियमचं मान्य, तिथे मुदत टाकेन. पण सात दिवसांच्या १,४०० साठी प्रत्येक पावतीचं शेड्यूल उघडायचं, हे मला अजून पटत नाही.

कोरीपाटी: शेड्यूल आत्ता उघडलं, त्यात कर वेगळा दाखवलाय आणि ७३,००० हा त्याशिवायचा आकडा आहे. आम्हाला तो कर परत मिळत नाही, मग तोही दिवसांवर वाटायचा ना?

ताळमेळ: परत मिळत नसेल तर हो, तो विम्याच्या खर्चाचाच भाग, त्याच ३६५ दिवसांवर वाट.