‘भरावा लागणार नाही’चं इंग्रजी: हॅव टू, मस्ट की नीड टू?

कोथरूडकर (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीच्या नोटिसा मराठीत निघतात. मराठी न येणाऱ्या भाडेकरूंसाठी खाली इंग्रजी लिहायचं काम माझ्याकडे आहे. ‘लागणे’ आलं की मी सरसकट ‘मस्ट’ लिहितो, कारण नोटिशीला जोर हवा असं माझं ठाम मत आहे. समितीतले एक काका ‘हॅव टू’ लिहा म्हणतात, खजिनदार बाई ‘नीड टू’. परवाचं वाक्य असं: ‘ज्यांनी एप्रिलचा मेंटेनन्स भरला आहे त्यांना तो पुन्हा भरावा लागणार नाही.’ मी लिहिलं: ‘दे मस्ट नॉट पे इट अगेन.’ यात बिघडलं काय?

अनुवादिका
ती नोटीस आजच्या आज बदला. ‘मस्ट नॉट पे’ म्हणजे ‘भरता कामा नये’. तुम्ही सूट दिलीत आणि इंग्रजीत ती मनाई झाली. एखाद्याला मे महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे असतील तर तोही बिचकेल.

मराठीत ‘नाही’ लागल्यावर सक्तीच उडते. ‘भरावा लागणार नाही’, म्हणजे सक्ती नाही, पुढे ज्याची त्याची मर्जी. ‘हॅव टू’चंही तसंच आहे, ‘डोन्ट हॅव टू’ म्हटलं की सक्ती संपते. ‘मस्ट’ला ‘नॉट’ जोडलं की मात्र सक्ती तशीच राहते, फक्त आता ती न करण्याची असते. म्हणून नकारार्थी ‘लागणे’ला ‘मस्ट नॉट’ कधीच नाही. तुमचं वाक्य ‘दे विल नॉट हॅव टू पे इट अगेन’ असं हवं. खजिनदार बाईंचं ‘दे वोन्ट नीड टू’सुद्धा इथे बिनधास्त चालेल.

पेठेतला मास्तर
इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. नियम सोपा आहे. बोलणाऱ्याच्या मनातून आलेली सक्ती ‘मस्ट’, बाहेरून आलेली ‘हॅव टू’. ‘लागणे’ ही नेहमी बाहेरची सक्ती, म्हणून ‘लागणे’ला ‘मस्ट’ हे चूकच. ‘मस्ट’ राखून ठेवायचं ते ‘पाहिजे’साठी. मुलांना मी हेच घोकवून घेतलं आणि त्यांचं कधी अडलं नाही.

मसुदाकार
मास्तर, मराठीची बाजू तुम्ही बरोबर पकडलीत. इंग्रजीची बाजू इतकी काटेकोर नाही. बोलणाऱ्याचा आग्रह असेल तर ‘मस्ट’कडे कल असतो, एवढंच. छापील नियमांत आग्रह कुणा एकाच्या मनातून येत नसतो, तरी तिथे ‘मस्ट’ असतोच. पोहण्याच्या तलावावरचा फलक बघा: टोपी घालावी लागेल, ‘कॅप्स मस्ट बी वॉर्न’. त्याला चूक कोण म्हणेल?

आणि अनुवादिका ताई, नकाराचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण होकारार्थी नोटिशीत मी कोथरूडकरांच्या बाजूने आहे. ‘गाडीची नोंद कार्यालयात करावी लागेल.’ यात कोणी करायची हे सांगितलेलंच नाही. ‘हॅव टू’ वापरायचं तर ‘यू’ किंवा ‘मेंबर्स’ असा कोणीतरी आणून बसवावा लागतो, किंवा ‘विल हॅव टू बी रजिस्टर्ड’ अशी लांबण लागते. ‘व्हेइकल्स मस्ट बी रजिस्टर्ड’ हे सुटसुटीत आणि नि:संदिग्ध आहे. ‘विल हॅव टू’मधून कधीतरी, पुढेमागे असा वास येतो. लोक वाट बघत बसतात.

आर्याची आई
थोडं वेगळं विचारते. मुलीला गृहपाठात ‘पाऊस पडायला लागला’ असं वाक्य होतं. तिने ‘लागणे’ बघून ‘रेन हॅड टू फॉल’ लिहिलं. बाईंनी लाल रेघ मारली, कारण लिहिलं नाही. आणि आमच्या घरात सगळे ‘मला आज बँकेत जायला लागलं’ असंच बोलतात, तिथे तर सक्तीच असते. मग मुलीला समजवायचं कसं?

अनुवादिका
आर्याची आई, शेपटाकडे बघू नका, डोक्याकडे बघा. ‘मी जायला लागले’ म्हणजे निघाले, सुरुवात झाली. ‘मला जायला लागलं’ म्हणजे जाणं भाग पडलं. ‘मला’, ‘तिला’, ‘आईला’ असं कोणी पुढे असेल आणि जायचं त्याला असेल, तर सक्ती. पावसाला ‘ला’ नाही, तो आपणहून पडतोय. तिथे ‘इट स्टार्टेड रेनिंग’. ‘जावं लागलं’ असेल तर हा प्रश्नच येत नाही, तिथे नेहमी सक्तीच.

मसुदाकार, फलकावर ‘मस्ट’ला माझी हरकत नाही. माझा आग्रह आहे तो सवयीबद्दल. ‘लागणे’ म्हणजे ‘मस्ट’ अशी गाठ एकदा बसली की भूतकाळात माणूस अडकतो. सक्तीच्या ‘मस्ट’ला भूतकाळ नाही. ‘मस्ट हॅव गॉन’ म्हणजे ‘गेला असणार’, तो अंदाज झाला.

मी प्रतिज्ञापत्रांचं भाषांतर करते, तिथलं उदाहरण देते. नमुना असा: ‘मला दुकान विकायचं होतं. पुढे कर्जामुळे मला ते विकावं लागलं.’ नवशिका दोन्हीकडे ‘आय हॅड टू सेल’ टाकतो. पहिल्या वाक्यात नुसता बेत आहे, व्यवहार झाला की नाही ते कळत नाही, म्हणून ‘आय वॉन्टेड टू सेल’ किंवा संदर्भ बघून ‘आय वॉज गोइंग टू’. दुसऱ्यात मनाविरुद्ध विक्री झालेली आहे. ‘विकावं लागलं’ म्हटल्यावर ‘पण विकलं नाही’ असं पुढे जोडताच येत नाही. दोन्ही वाक्यांचं इंग्रजी एकच केलं तर दुकान मर्जीने विकलं की नाइलाजाने, हाच मुद्दा कागदावरून नाहीसा होतो, आणि कज्जा बहुतेक वेळा त्याच मुद्द्याचा असतो.

नकारातही हाच घोळ. ‘मला सही करावी लागली नाही’ म्हणजे सही झाली नाही. ‘सही करायची गरज नव्हती’ म्हणजे केलीही असेल. इंग्रजीत ‘आय डिडन्ट हॅव टू साइन’ दोन्हीला चालतं, म्हणून पहिल्यात मी शेवटी ‘अँड आय डिड नॉट’ जोडते. गरज नसताना केलीच असेल तर ‘आय नीडन्ट हॅव साइन्ड’.

हिंजवडी शिफ्ट
मी परदेशी ग्राहकांशी रोज फोनवर बोलतो. ‘तुम्हाला दोन दिवस थांबावं लागेल’ यात मराठीत कोणाला राग येण्यासारखं काही नाही, उलट थोडी दिलगिरीच ऐकू येते. ‘यू मस्ट वेट’ म्हटलं की समोरचा भडकतो. ‘यूल नीड टू वेट’ म्हटलं की ऐकून घेतो. म्हणून माझं मत, माणसाशी थेट बोलताना ‘लागेल’ला पहिली पसंती ‘नीड टू’. नोटीसही माणसंच वाचतात.

मसुदाकार
फोनवर मान्य. नोटिशीत ‘यू नीड टू पे’ लिहिलंत तर उशिरा भरणारा म्हणेल, गरज माझी आहे ना, मग माझं मी बघतो. दंड लावायचा तर वाक्यात नियम दिसला पाहिजे, सल्ला नव्हे.

हिंजवडी शिफ्ट
असं म्हणणारा एकही ग्राहक मला आजवर भेटलेला नाही. ‘नीड टू’मधली सक्ती इंग्रजी बोलणाऱ्याला बरोबर कळते, ती फक्त आपल्याला ‘गरज’ म्हणून ऐकू येते.

पेठेतला मास्तर
ताईंचं दुकानाचं उदाहरण मोलाचं आहे. तरी शाळेतल्या मुलाला इतकं सगळं एकदम देता येत नाही. आठवीच्या वर्गात मी अजूनही ‘लागणे’ला ‘हॅव टू’ एवढंच सांगेन.

अनुवादिका
सांगा की, आठवीला मीही तेच सांगेन. फक्त ‘मस्ट चूकच’ असं सांगू नका. तलावावरचा फलक मुलं वाचतात.

कोथरूडकर
जुनी नोटीस काढली. नव्या कागदावर ‘विल नॉट हॅव टू पे इट अगेन’ लिहिलंय. गाडीच्या नोंदीला ‘मस्ट बी रजिस्टर्ड’ कायम ठेवलंय, त्यावर मी मसुदाकारांच्या मताचा आहे. एक वाक्य अजून अडलंय: ‘टाकी धुवायची असल्याने रविवारी पाणी जपून वापरावे लागेल.’ खजिनदार बाई इथेही ‘नीड टू’वर अडून आहेत आणि दंड तर यात नाहीच.

हिंजवडी शिफ्ट
मग बाईंचं ऐका. ‘वी विल ऑल नीड टू यूज वॉटर स्पेअरिंगली ऑन संडे.’

मसुदाकार
‘वी ऑल’ मराठीत कुठे आहे?