जुना लेझर प्रिंटर घेताना काय तपासायचं?

> इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात जुना एचपी एम१००५ मिळतोय. दुकानदार म्हणतो, फारसा वापरलेला नाही. घेऊ का?

घ्या, पण आधी मेनूतल्या Reports मधून Config report छापायला सांगा, त्यावर एकूण छापलेली पानं दिसतात. मात्र आतला बोर्ड बदललेला असला तर हा आकडा खरा राहत नाही. म्हणून रोलरही बघा. कार्ट्रिज काढून आत टॉर्च मारा. कागद ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत, चकचकीत झाला असेल आणि आकडा मात्र चार हजारच, तर काहीतरी गडबड आहे.

मग आपलेच दहा-पंधरा कागद घालून सलग प्रती काढा. एकदम दोन कागद ओढले गेले किंवा ओढायला चुकला, तर रोलर किंवा कागद सुटे करणारं पॅड गेलं. ते बदलणं स्वस्त.

खरी पारख छपाईत. गरम पान बोटाने घासा. शाई निघाली तर ती उष्णतेने कागदावर पक्की करणारा फ्यूजर नीट तापत नाही, आणि तो खर्च मोठा. डाग ठरावीक अंतराने येत असेल तर पट्टीने मोजा. साधारण साडेसात सेंटिमीटर भरलं तर दोष कार्ट्रिजच्या ड्रमचा. दुसरी कार्ट्रिज लावून बघा, डाग गेला तर काळजी नको. तरीही राहिला तर दोष मशीनचा, सौदा सोडा.

कार्ट्रिजची चिंता नाही. याला १२ए लागते, सुमारे दोन हजार पानं देते, आणि इंदूरमध्ये कुठेही भरून मिळते. स्कॅनरची काच बघायला मात्र विसरू नका.