'सिम-टू-रिअल गॅप': दरी, तफावत की आणखी काही?

रेघोटी
गोदामात पाकिटं उचलणाऱ्या रोबॉटच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करते आहे. त्यात दर दोन पानांनी 'सिम-टू-रिअल गॅप' येतो. संगणकातल्या आभासी गोदामात शिकून तरबेज झालेला रोबॉट खऱ्या गोदामात आला की चुकायला लागतो, तो प्रकार. मी 'आभास-वास्तव दरी' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'दरी' खोडून 'तफावत' केलं आणि समासात लिहिलं, "दरी माणसामाणसांत पडते, मोजमापात तफावत येते." मला तो शब्द खटकतोय, पण का ते सांगता येत नाही. तुम्ही काय वापराल?

व्युत्पत्तीवेडा
तपासणारे बरोबर आहेत. 'तफावत' मूळ अरबी, फारसीमार्गे आपल्या दफ्तरात आला आणि हिशेबात रुळला. जे दोन आकडे जुळायला हवेत ते जुळत नाहीत, ती तफावत. 'दरी' मात्र संस्कृत 'दॄ' धातूवरून, म्हणजे फाटणे. 'विदीर्ण' त्याच घरातला. दरीचे दोन काठ एक व्हावेत अशी कुणाची अपेक्षाच नसते, ती फक्त ओलांडायची असते. इथे तर आभासी गोदाम खऱ्याशी जुळायलाच हवं ना?

शुद्धमती
'अंतर' हा स्वच्छ शब्द हाताशी असताना अरबी शब्द कशाला? 'अनुरूपण-वास्तव अंतर' म्हणा, विषय संपला.

साधंसोपं
'अनुरूपण' वाचून पुस्तिका मिटून ठेवतील लोक. 'गॅप' सगळ्यांना कळतो, तोच राहू द्या. शिवाय हा शब्द थोड्याच दिवसांचा सोबती आहे. संगणकातली चित्रं हुबेहूब खऱ्यासारखी झाली की फरक उरणारच नाही.

मोजपट्टी
मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साधंसोपं, चित्रांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. 2017 साली संशोधक टोबिन आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलटं करून दाखवलं. चित्रं खरी करण्याऐवजी त्यांनी रंग, प्रकाश, कॅमेऱ्याची जागा वाटेल तशी बदलत ठेवली, अगदी भडक आणि अशक्य वाटावी अशी. त्यावर शिकलेल्या प्रणालीनं खऱ्या टेबलावरच्या वस्तूची जागा सुमारे दीड सेंटिमीटरच्या फरकानं ओळखली. इतक्या तऱ्हा पाहिल्या की खरं जग हीदेखील त्यातलीच एक तऱ्हा ठरते.

आता पाकिटांची गोष्ट, कारण शब्दाचा प्रश्न तिथेच सुटेल असं मला वाटतं. आमच्या रोबॉटचा हात सक्शन कपानं प्लास्टिकची पाकिटं उचलायचा. आभासी गोदामात क्वचितच एखादं सुटायचं, खऱ्या पट्ट्यावर मात्र धडाधड पडायला लागली. लांबून बघणाऱ्याला सगळी पडणं सारखीच. पण कपातल्या हवेच्या दाबाचा आलेख काढल्यावर तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या. काही वेळा निर्वात तयारच झाला नव्हता: चकचकीत प्लास्टिकवर वस्तू किती दूर आहे ते मोजणारा कॅमेरा फसला होता आणि कप पाकिटावर नीट टेकलाच नव्हता. काही वेळा निर्वात तयार होत होता, पण तो पुरेसा होण्याआधीच हात उचलला गेला. आभासी जगात कप टेकला की पकड त्याच क्षणी धरली जायची. खऱ्या जगात व्हॉल्व्ह उघडून हवा ओढली जायला क्षणभर लागतो. आणि काही वेळा निर्वात पूर्ण झाला, पाकीट वर आलं आणि मग पकड सुटली, कारण कपाखालच्या सुरकुतीतून हवा आत शिरत होती.

तिन्हींवर उपाय वेगळे. कॅमेऱ्यासाठी आभासी जगातल्या अंतर-चित्रांत मुद्दाम भोकं पाडली, म्हणजे काही ठिकाणचं माप गाळलं. वेळेसाठी ठरावीक विलंबानं उचलणं बंद केलं आणि दाब पुरेसा झाल्याशिवाय हात हलू दिला नाही. सुरकुतीसाठी आभासी कपाला दर खेपेस कमी-जास्त गळती दिली. शेवटचा उपाय अर्धवटच लागू पडला. गळती फार वाढवली तर रोबॉट भित्रा होतो, मजबूत पाकिटंही नको म्हणतो.

म्हणून 'दरी' हा एकवचनी शब्द मला नडतो. एक दरी नाहीच ती. खरं तर या 'फटी' आहेत, आणि दर फट वेगळ्या जागी.

तिसरी पाळी
आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कापकामाच्या यंत्रावर, नवीन प्रोग्रॅम आला की आधी एअर कट घेतात. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, न लावता टूल हवेत फिरवायचं. हवेत सगळं सुरेख चालतं. जॉब लावला की टूल दबतं, थरथरतं आणि माप चुकतं. त्याला कुणी दरी म्हणत नाही, तफावतही नाही. "हवेत बरोबर होतं" एवढंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.

रेघोटी
'हवेत बरोबर होतं' फारच आवडलं. पण शीर्षकात कसं घालू?

व्युत्पत्तीवेडा
'रंगीत तालीम' का नको? तालमीत पाठ असलेलं प्रयोगात चुकतं. 'तालीम-प्रयोग तफावत' म्हणता येईल. 'तालीम'ही अरबीच, मूळ अर्थ शिकवणे, आणि इथे रोबॉट शिकतोच आहे.

शुद्धमती
एका परक्या शब्दाच्या जागी दोन आले! आणि 'प्रयोग' म्हटलं की वाचक प्रयोगशाळेत जाईल.

मोजपट्टी
'तालीम' मला अर्थानं पटतो. पण रंगीत तालमीत नटाला खरा रंगमंच, खरे दिवे मिळतात. आमच्या रोबॉटला तेच मिळत नाही.

एक जुनी गोष्ट. हे नाव 1995 मध्येही होतं, तेव्हा नुसतं 'रिअॅलिटी गॅप'. जाकोबी, हजबंड्स आणि हार्वी यांनी छोट्या चाकांच्या रोबॉटवर काम केलं होतं. आभासी जगात खऱ्याइतकाच गोंगाट, म्हणजे मापांतली अनियमित चूकभूल, घातला तर वागणं खऱ्या रोबॉटमध्ये उतरतं. गोंगाट फार कमी किंवा फार जास्त झाला तर बिघडतं, असं त्यांना दिसलं. आमच्या भित्र्या रोबॉटचं दुखणं तिथेच सांगून ठेवलं होतं.

रेघोटी
मग मोजपट्टी, तुम्हीच दोन उपाय सांगितलेत. खऱ्या कॅमेऱ्याच्या चुका हेरून त्या आभासी चित्रांत घालायच्या, तेव्हा 'तफावत कमी केली' म्हणता येतं. पण वाटेल तशा तऱ्हा दाखवून खऱ्याला त्यात सामावून घ्यायचं, तेव्हा कमी काय झालं? आभासी जग खऱ्यासारखं झालंच नाही, रोबॉट तेवढा पार पोचला. मला 'तफावत' खटकत होती ती यासाठीच. तिथे 'दरी ओलांडली' हेच योग्य.

मोजपट्टी
हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. हो, पहिल्यात आपण आभासी जग बदलतो, दुसऱ्यात रोबॉटची सहनशक्ती. पण पुस्तिकेत दोन्हींना एकच शब्द आहे ना?

रेघोटी
एकच. आणि दर ठिकाणी संदर्भ बघून वेगळा शब्द घातला तर तपासणारे सगळे एकसारखे करणार.

साधंसोपं
म्हणूनच 'गॅप'.

शुद्धमती
आणि 'सक्शन कप' तसाच ठेवणार का? 'चूषक' म्हणा.

तिसरी पाळी
चूषक मागितला तर स्टोअरमधून काहीही मिळणार नाही. पण माझी शंका वेगळी आहे. नवीन कपावर रोबॉट नीट चालला. काही महिन्यांनी कपाची रबरी कड कडक झाली, चिरली आणि पाकिटं पुन्हा पडायला लागली. आभासी गोदाम तेच, रोबॉटचं शिक्षण तेच, खरं गोदाम मात्र बदललं. हेही त्याच गॅपमध्ये धरायचं का? की ही नुसती झीज?

मोजपट्टी
आलेखात ती सुरकुतीच्या गळतीसारखीच दिसते. आम्ही आधी कप बदलून बघतो.

व्युत्पत्तीवेडा
'झीज'वर लिहिण्यासारखं बरंच आहे. वेगळा धागा काढू का?